लाल अवक्षेप कधी पुरा बसतो : निकेलचे वजन आणि सामूची मर्यादा

खानदेशातल्या एका महाविद्यालयात तृतीय वर्षाच्या रसायनशास्त्राच्या मुलांचे प्रात्यक्षिक मी अनेक वर्षे घेतले. एका दुपारी तीन मुलांनी एकाच बाटलीतले हिरवट-निळे निकेल अमोनियम सल्फेट तोलून घेतले, एकाच पद्धतीने त्यातले निकेल काढले आणि वहीत तीन वेगवेगळी उत्तरे लिहिली. पहिल्याचे 14.83 टक्के, दुसऱ्याचे 13.80 टक्के आणि तिसऱ्याचे 15.59 टक्के. शुद्ध मिठात निकेल 14.86 टक्के असते, म्हणजे पहिल्याचे उत्तर चोख होते, दुसऱ्याचे निकेल कुठेतरी हरवले होते आणि तिसऱ्याने नसलेले निकेल तोलले होते. तराजू तिघांचा एकच होता आणि डायमिथाइल ग्लायॉक्झिमही एकाच बाटलीतले होते. फरक पडला तो बीकरमध्ये, आणि त्यातला सर्वांत शिकण्यासारखा फरक सामूमुळे पडला. खानदेशात शेतकऱ्याला सामू हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरून चांगला ठाऊक असतो. प्रयोगशाळेत आम्ही त्यालाच पीएच म्हणतो.

ही पद्धत मुळात साधी आहे. निकेलच्या द्रावणात डायमिथाइल ग्लायॉक्झिम घातले की योग्य परिस्थितीत गडद लाल रंगाचा अवक्षेप तयार होतो. तो गाळून, धुऊन, वाळवून तोलायचा आणि त्या वजनावरून निकेल किती होते ते काढायचे. वजनावरून प्रमाण काढण्याच्या या रीतीला भारात्मक विश्लेषण म्हणतात. निकेल आणि या संयुगाची ही लाल अभिक्रिया रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव चुगायेव यांनी 1905 मध्ये दाखवली आणि लगेच दोन वर्षांनी, 1907 मध्ये, ओटो ब्रुंक यांनी तिच्यावर निकेल तोलण्याची पद्धत बसवली. डायमिथाइल ग्लायॉक्झिम हे नाव लांबलचक असल्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्याला डीएमजी म्हणतात, आणि पुढे मीही तेच म्हणणार आहे.

डीएमजीच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू जवळजवळ असतात आणि प्रत्येक नायट्रोजनला एक OH गट जोडलेला असतो. निकेलचा एक आयन असे दोन रेणू दोन बाजूंनी धरतो. चार नायट्रोजन एका सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर येतात आणि निकेल मधोमध बसते. हे होताना प्रत्येक डीएमजी आपल्या दोन हायड्रोजनांपैकी एक सोडून देतो, आणि उरलेला हायड्रोजन शेजारच्या डीएमजीच्या ऑक्सिजनशी हात मिळवतो, त्यामुळे भोवतालचे कडे पक्के होते. निकेलवरचे दोन धन भार दोन डीएमजींच्या दोन ऋण भारांनी भागले जातात, म्हणून तयार झालेला रेणू भाररहित असतो. भार नसलेल्या या चपट्या रेणूला पाणी धरून ठेवत नाही आणि तो लाल कणांच्या रूपात बाहेर पडतो. पाण्याला परका असलेला हा पदार्थ अल्कोहोलमध्ये मात्र बऱ्यापैकी विरघळतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

डीएमजीसाठी H₂D असे आखूड चिन्ह वापरले तर सगळी अभिक्रिया एका ओळीत मावते:

Ni²⁺ + 2 H₂D ⇌ Ni(HD)₂ + 2 H⁺

या ओळीतला उजवीकडचा शेवटचा भाग विद्यार्थी बहुधा नजरेआड करतात, आणि सामूचे सगळे प्रकरण तिथेच दडलेले आहे. निकेलचा एक आयन खाली बसताना दोन हायड्रोजन आयन द्रावणात सोडतो, म्हणजेच अवक्षेप होण्याची क्रिया स्वतःच आम्ल तयार करते. बाण दोन्ही बाजूंना असल्यामुळे द्रावणात आम्ल साठले की अभिक्रिया उलट फिरते, डीएमजी आपला गेलेला हायड्रोजन परत घेतो, निकेलला सोडतो आणि लाल अवक्षेप पुन्हा विरघळतो. किती निकेल विरघळलेले राहील हे H⁺ च्या वर्गावर अवलंबून असते, कारण समीकरणात H⁺ दोनदा येतो. पीएच एकने घसरला म्हणजे H⁺ दहापट झाला, आणि दहाचा वर्ग शंभर. म्हणून पीएचच्या प्रत्येक अंकाला विरघळलेले निकेल स्थूलमानाने शंभरपट बदलते. ही शंभरपट लक्षात ठेवली म्हणजे बाकीची बरीचशी पद्धत पाठ करावी लागत नाही, ती आपोआप सुचते.

आता हेच आकड्यांत पाहू. आमच्या प्रात्यक्षिकात साधारण 0.35 ग्रॅम मीठ घेतात, म्हणजे त्यात सुमारे 52 मिलिग्रॅम निकेल असते. तेवढे निकेल म्हणजे सुमारे 0.9 मिलिमोल, आणि ते सगळे खाली बसले तर सुमारे 1.8 मिलिमोल हायड्रोजन आयन मोकळे होतात. हे 250 मिलिलिटर पाण्यात पसरले तर पीएच जवळजवळ 2.1 वर येऊन ठेपेल. समजा एखाद्याने मीठ नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले, ना आम्ल घातले ना अमोनिया, आणि थेट डीएमजी ओतले. पहिल्या क्षणी भरपूर लाल अवक्षेप दिसेल आणि मुलाला वाटेल की झाले काम. प्रत्यक्षात अवक्षेप जसजसा बनतो तसतसा तो स्वतःच्याच आम्लाने आपली वाट अडवतो आणि निकेलचा मोठा वाटा द्रावणातच अडकून राहतो. लाल रंग इतका भरघोस असतो की डोळ्यांची फसवणूक होते. सुरुवातीला द्रावण उदासीन होते एवढ्याने भागत नाही. शेवटीही ते उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी राहावे याची तजवीज करावी लागते.

ही तजवीज करण्याचा नेहमीचा मार्ग असा आहे. तोललेले मीठ पाण्यात विरघळवून त्यात 1:1 हायड्रोक्लोरिक आम्ल 5 मिलिलिटर घालतात, पाणी घालून द्रावण 200 मिलिलिटर करतात आणि 70 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. मग अल्कोहोलमध्ये केलेले डीएमजीचे 1 टक्का द्रावण 30 ते 35 मिलिलिटर घालतात. आम्लामुळे या वेळी लाल काहीच दिसत नाही, आणि दिसायलाही नको. त्यानंतर काचेच्या कांडीने सतत ढवळत पातळ अमोनिया थेंबथेंब घालतात. थेंब बीकरच्या भिंतीवरून घसरत नेत नाहीत, थेट द्रावणात टाकतात. पहिल्या काही थेंबांना एक सुंदर खेळ दिसतो. थेंब जिथे पडतो तिथे एक छोटा लाल ढग उठतो आणि कांडी फिरताच विरून जातो, कारण त्या थेंबापाशी क्षणभर आम्ल मेलेले असते आणि ढवळताच आजूबाजूचे आम्ल पुन्हा धावून येते. काही वेळाने ढग विरायला वेळ घेऊ लागतात, मग विरतच नाहीत, आणि संपूर्ण बीकर लाल होतो. इथे थांबायचे नसते. सगळे लाल झाल्यावरही अमोनियाचा मंद वास द्रावणावर टिकेपर्यंत थोडा थोडा अमोनिया घालत राहायचे असते.

उलटसुलट वाटणाऱ्या या क्रमाला कारण आहे. आधी आम्ल घालून मग तेच अमोनियाने मारायचे, तर आम्ल घालायचेच कशाला, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतो आणि तो रास्त आहे. एक कारण कणांच्या आकाराचे आहे. निकेल आणि डीएमजी आम्लात शेजारी शेजारी शांत बसलेले असतात आणि अमोनियाच्या प्रत्येक थेंबाने पीएच थोडा थोडा वर चढतो, त्यामुळे अवक्षेप हळूहळू बनतो, कण मोठे होतात आणि गाळायला सोपे जातात. आधीच अल्कधर्मी द्रावणात डीएमजी ओतले तर सगळे एकदम खाली कोसळते आणि चिखलासारखे बारीक कण गाळणीत अडकून बसतात. दुसरे कारण मला जास्त आवडते. 5 मिलिलिटर 1:1 आम्लात सुमारे 30 मिलिमोल आम्ल असते, ते अमोनियाने मारले की 30 मिलिमोल अमोनियम क्लोराइड तयार होते. त्यावर आणखी थोडा, समजा 5 मिलिमोल, अमोनिया शिल्लक राहिला तर अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड यांची जोडी पीएच 8.5 च्या आसपास धरून ठेवते. अवक्षेपातून सुटणारे 1.8 मिलिमोल आम्ल या जोडीला जाणवतही नाही. ज्या आम्लाला आपण उगीच घातलेले समजतो तेच शेवटी सामूचा खुंटा बनते.

आता दुसऱ्या मुलाकडे वळू, ज्याचे उत्तर 13.80 आले. त्याने 0.3520 ग्रॅम मीठ घेतले होते आणि अवक्षेप आला 0.2391 ग्रॅम. लाल अवक्षेपाचा रेणुभार 288.9 आणि निकेलचा अणुभार 58.69, त्यामुळे अवक्षेपातले निकेल काढायला वजनाला 0.2032 ने गुणावे लागते. 0.2391 गुणिले 0.2032 म्हणजे 0.04858 ग्रॅम निकेल, आणि ते 0.3520 ग्रॅमच्या 13.80 टक्के भरते. आम्ही त्याचे गाळलेले पाणी टाकू दिले नव्हते. प्रात्यक्षिकात पहिल्यांदा गाळलेले द्रावण वजन होईपर्यंत बीकरमध्ये ठेवायचे, हा मी घालून दिलेला नियम आहे. ते पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसत होते. मी पीएच कागद बुडवला तर तो 3 च्या जवळचा रंग दाखवत होता. मुलाने पूर्ण बीकर लाल झाला तेव्हा अमोनिया थांबवला होता. लिटमस लावला होता का, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. आमचे प्रयोगशाळेतले मामा शेजारीच उभे होते, ते एवढेच म्हणाले, "वास येस का, भाऊ?" मुलाने बीकर नाकाजवळ नेला, अमोनियाचा वास नव्हता. मी त्या पाण्यात अमोनियाचे काही थेंब घातले आणि पाणी पुन्हा लाल झाले. हरवलेले निकेल तिथेच होते.

इथे शंभरपटीचा हिशेब डोळ्यांसमोर येतो. या मुलाचे सुमारे 7 टक्के निकेल पीएच 3 ला द्रावणात राहिले होते. अवक्षेपाच्या भाषेत हे जवळजवळ 18 मिलिग्रॅम होतात, जे कुठल्याही तराजूला दिसतात. त्याने पीएच 4 पर्यंत नेला असता तर नुकसान याच्या शंभरावा हिस्सा, म्हणजे 0.2 मिलिग्रॅमच्या आत आले असते, जे आमच्या तराजूला जेमतेम दिसते. पीएच 5 ला ते त्याच्याही शंभरावा हिस्सा झाले असते आणि कुठल्याच तराजूला दिसले नसते. पुस्तकात अवक्षेपासाठी पीएच 5 ते 9 अशी मर्यादा देतात, तिच्यातला खालचा 5 हा आकडा असा आला आहे: त्याच्या खाली नुकसान तोलता येण्याजोगे होऊ लागते. खरे आकडे डीएमजी किती शिल्लक आहे त्यावरही थोडे हलतात, कारण समीकरणात डीएमजीचाही वर्ग येतो, पण सामूइतका मोठा हेलकावा तो देत नाही.

खानदेशच्या उन्हाळ्यात या भागाला एक खास अडचण जडते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि पंखा चालू असलेली प्रयोगशाळाही तव्यासारखी तापते. अमोनियाची बाटली अशा हवेत वारंवार उघडली की त्यातला वायू निघून जातो आणि आतले द्रावण हळूहळू हलके होते. मार्चमध्ये जितक्या थेंबांत काम होते तितक्या थेंबांत ते मे महिन्यात होत नाही. म्हणून मी थेंब मोजून अमोनिया घालण्याची सवय मुलांना लागू देत नाही. थेंबांची संख्या बाटलीच्या तब्येतीवर ठरते, द्रावणाचा सामू मात्र लिटमस आणि नाक सांगतात. त्यातही एक सावधगिरी आहे. गरम द्रावणातून अमोनिया उडत असतो, म्हणून वाफेच्या टबावर अर्धा तास ठेवलेला बीकर परत आणल्यावर वास पुन्हा तपासावा आणि गेला असेल तर दोन थेंब अमोनिया घालावा. ज्यांना ही धडपड टाळायची असते ते अमोनियाच्या ऐवजी युरिया घालून द्रावण तापवतात. तापलेल्या पाण्यात युरियाचे सावकाश विघटन होते आणि त्यातून अमोनिया हळूहळू सगळीकडे सारखाच तयार होतो, त्यामुळे पीएच बीकरभर एकसारखा चढतो आणि कण अधिक मोठे व घट्ट येतात. वेळ जास्त लागतो, म्हणून प्रात्यक्षिकाच्या तासात आम्ही तो मार्ग घेत नाही.

वरच्या बाजूचे काय, म्हणजे अमोनिया जास्त झाला तर? या बाबतीत पुस्तके खालच्या बाजूइतकाच इशारा देतात, पण माझ्या मते दोन्ही बाजूंचा धोका सारखा नाही. अमोनिया निकेलला स्वतःच धरतो आणि निळे आयन बनवतो, हे खरे. बीकर अमोनियाने ओसंडला तर थोडे निकेल त्याच्या हाती लागते. परंतु डीएमजीची पकड अमोनियापेक्षा फारच घट्ट आहे, त्यामुळे थोडा अमोनिया जास्त पडल्याने होणारे नुकसान आम्ल राहिल्याच्या नुकसानीच्या जवळपासही जात नाही. खरा धोका कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीचा आहे. तिथे डीएमजीचा उरलेला हायड्रोजनही निघू लागतो, ज्या हायड्रोजनने दोन डीएमजींना एकत्र बांधून ठेवले होते. रेणूला ऋण भार येतो आणि भाररहित असल्यामुळे खाली बसलेला पदार्थ पुन्हा पाण्यात जातो. अशा द्रावणात एखादा ऑक्सिडीकारक असेल तर निकेल वरच्या अवस्थेत जाऊन विरघळणारे लाल-तपकिरी संयुग बनवते. रंग लालच राहतो, फक्त तो गाळणीवर न राहता गाळणीतून खाली जातो, म्हणून गाळलेले पाणी तपकिरी-लाल दिसले तर अवक्षेप गाळणीतून निसटला असे समजण्याआधी अल्कली काय वापरली होती ते पाहावे. अमोनियाची निवड मुळात याच कारणासाठी झाली: तो सौम्य आहे, त्याच्या सोबत अमोनियम क्लोराइड असेल तर पीएच 9 च्या आसपास थबकतो आणि हात चुकला तरी द्रावण फार वर जात नाही.

तिसऱ्या मुलाच्या 15.59 टक्क्यांत सामूचा दोष नव्हता. तो थोडक्यात सांगतो. त्याला कमी पडेल अशी भीती होती, म्हणून त्याने 30 ऐवजी 60 मिलिलिटर डीएमजी घातले. 52 मिलिग्रॅम निकेलला खरोखर लागतात 1 टक्का द्रावणाचे सुमारे 21 मिलिलिटर, म्हणजे 30 मध्येच भरपूर जास्तीचे येते. डीएमजी अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात फारच कमी, आणि तापलेल्या द्रावणातून अल्कोहोल उडाल्यावर व द्रावण निवल्यावर जास्तीचे डीएमजी पांढऱ्या सुयांच्या रूपात बाहेर येते. त्याच्या क्रुसिबलमध्ये लाल थराच्या मध्ये बारीक पांढरी चमक भिंगाने दिसत होती. त्याने 0.3498 ग्रॅम मिठातून 0.2684 ग्रॅम अवक्षेप तोलला, आणि त्यातला काही भाग निकेल नसलेले नुसते डीएमजी होता. हेच डीएमजी उन्हाळ्यात बाटलीतही सुया धरते, कारण झाकण ढिले असले की अल्कोहोल उडते. अशी बाटली गाळून वापरावी किंवा नवीन द्रावण करावे, कारण तिच्यातले प्रमाण 1 टक्का उरलेले नसते. दुसरीकडे, अल्कोहोल फार झाले तर लाल अवक्षेपच त्यात विरघळू लागतो. म्हणून डीएमजीचा कमी-जास्तपणा दोन्हीकडून राखावा लागतो.

धुण्याच्या वेळी काही जण बोअरचे पाणी वापरतात. आमच्या भागात त्या पाण्यात क्लोराइडही बरेच असते, आणि ते मी मुद्दाम सांगतो, कारण अवक्षेप क्लोराइडमुक्त झाला की नाही हे पाहायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे असते. बोअरचे पाणी वापरले तर पांढरटपणा कधीच जात नाही आणि मूल धुतच राहते. थंड डिस्टिल्ड पाणी वापरावे, अल्कोहोलने अजिबात धुऊ नये. हा अवक्षेप पाण्याला भिजत नाही, म्हणून तो काचेच्या भिंतीवर वर चढतो आणि क्रुसिबलच्या काठापर्यंत येतो. धुताना पाणी काठापर्यंत भरू नये. मग सिंटर्ड ग्लास क्रुसिबल 110 ते 120 अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोलावे आणि वजन स्थिर होईपर्यंत हे पुन्हा करावे. तापमान फार वर नेऊ नये, कारण हा पदार्थ पुढे जाऊन उडतो आणि मोडतोही. पहिल्या मुलाचे 0.3512 ग्रॅम मीठ, 28.4316 ग्रॅमचे रिकामे क्रुसिबल आणि 28.6879 ग्रॅमचे भरलेले क्रुसिबल या तीन आकड्यांतूनच त्याचे 14.83 निघाले: अवक्षेप 0.2563 ग्रॅम, त्याला 0.2032 ने गुणून 0.05208 ग्रॅम निकेल. पाचपट जड अवक्षेप तोलायला मिळतो, म्हणून तोलण्यातली छोटी चूक निकेलच्या आकड्यात पाचपटीने कमी होऊन येते. उलट हा अवक्षेप फुगीर असल्यामुळे एका वेळी 50 मिलिग्रॅमच्या फार पुढे निकेल घेऊ नये, नाहीतर गाळणी तुडुंब होते.

मिठातून बाहेर पडून पोलादाकडे गेले की सामूचे प्रकरण थोडे अधिक ताणले जाते. घरातल्या चमकत्या स्टीलच्या भांड्यांमध्ये 304 प्रतीचे पोलाद बऱ्याचदा असते. त्यात निकेल 8 ते 10.5 टक्के आणि लोखंड सत्तर टक्क्यांच्या आसपास. हे पोलाद 0.3 ग्रॅम घेतले तर त्यात निकेल 24 मिलिग्रॅम ते 32 मिलिग्रॅम येते आणि लोखंड सुमारे 200 मिलिग्रॅम. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांत विरघळवल्यावर आपल्याला पीएच वर न्यायचा असतो, पण त्या वाटेवर लोखंड आणि क्रोमियम आपापले हायड्रॉक्साइड बनवून तपकिरी चिखलात खाली बसतात. निकेलला लागणारा पीएच आणि लोखंडाला नको असलेला पीएच एकच आहे, म्हणून सामूने ही अडचण सुटत नाही. त्यासाठी द्रावणात आधी टार्टारिक आम्ल 5 ते 6 ग्रॅम घालतात. टार्टारेट लोखंड व क्रोमियमला पकडून द्रावणात ठेवते, अल्कधर्मी झाल्यावरसुद्धा. नायट्रिक आम्लाने उकळण्याचे कारण वेगळे आहे: लोखंड खालच्या अवस्थेत राहिले तर डीएमजीबरोबर लाल पण विरघळणारा रंग देते आणि उगीच गोंधळ माजतो.

टार्टारिक आम्ल पुरेसे आहे की नाही याची चाचणी डीएमजी घालण्याआधीच करता येते. द्रावणात अमोनिया घालून ते अल्कधर्मी करावे आणि प्रकाशाकडे धरून पाहावे. रंग पिवळट-तपकिरी असला तरी ते आरपार दिसले पाहिजे. गढूळपणा आला तर आणखी टार्टारिक आम्ल घालावे आणि पुन्हा पाहावे. आरपार दिसल्यावरच हायड्रोक्लोरिक आम्लाने ते किंचित आम्लधर्मी करून, तापवून, डीएमजी 15 ते 20 मिलिलिटर घालावे आणि मिठाप्रमाणेच अमोनियाने वर न्यावे. हीच एक पायरी वगळली की तपकिरी हायड्रॉक्साइड लाल अवक्षेपात मिसळते आणि वजन वाढते. तो दोष अवक्षेपाचा रंग विटकरी, मळकट दिसण्यावरून ओळखता येतो.

असा मळकट अवक्षेप आला तर तो टाकून नव्याने सुरुवात करायची गरज नसते. गाळणीवरचा अवक्षेप गरम पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो, तो या लेखाच्या सुरुवातीपासून आपण जिला दोष म्हणत आलो त्याच गोष्टीमुळे: आम्लात H⁺ वाढतो, डीएमजी निकेलला सोडतो आणि लाल रंग ओसरत जातो. मग त्याच द्रावणात पुन्हा थोडे टार्टारिक आम्ल आणि थोडे डीएमजी घालून पाणी वाढवावे, 70 अंशांवर तापवावे आणि अमोनियाचा वास येईपर्यंत थेंबथेंब पुन्हा वर न्यावे. लोखंड आता थोडेच उरलेले असते, ते टार्टारेटच्या ताब्यात सहज जाते आणि या वेळी खाली बसणारा अवक्षेप स्वच्छ लाल असतो.